न वटलेला धनादेश

आमच्या महाविद्यालयात वाणिज्य शाखेचा कनिष्ठ विभाग मोठा आणि मराठी विभाग दोन माणसांचा. ती दोन माणसे म्हणजे आम्ही. पुस्तपालन शिकवणारे सहकारी शस्त्रक्रियेनंतर सहा आठवडे रजेवर गेले, तेव्हा अकरावीच्या गृहपाठाच्या एकसष्ट वह्या आमच्या टेबलावर आल्या. यात कोणी आमची थट्टा केली असे नाही. आमच्यापैकी एकाने बारावीपर्यंतचे शिक्षण वाणिज्य शाखेत काढले आहे, आणि दुसरीने कर्मचाऱ्यांच्या पतसंस्थेची मानद खजिनदारी सहा वर्षे सांभाळली आहे. त्यामुळे 'बँक जुळवणी पत्रक' हे शब्द ऐकून आम्ही दचकलो नाही. रजेवर जाताना सहकाऱ्यांनी एका चिठ्ठीवर फक्त उत्तर लिहून दिले होते : ३७,१७०. हे उत्तर आले असेल तर बरोबर, नसेल तर चूक, इतकेच पाहा, असा निरोप होता. हा निरोप आम्हाला पाळता आला नाही. कवितेच्या आकलनावरचे उत्तर तपासताना मूल कोणत्या शब्दावर अडखळले हे शोधण्याची जी सवय लागते, ती अंकांसमोरही सुटत नाही.

साहित्याच्या वाचकांसाठी आधी मूळ गोष्ट. एकाच खात्याची हकिकत दोघे जण लिहीत असतात. व्यापारी आपल्या रोख पुस्तकाच्या बँक रकान्यात लिहितो, आणि बँक आपल्या खातेवहीत लिहिते. तिची प्रत म्हणजे पासबुक. दोघेही खरे बोलत असले तरी एका ठराविक दिवशी त्यांच्या शिलका जुळत नाहीत, कारण काही घटना एकाला आधी कळतात आणि दुसऱ्याला नंतर. हा फरक कशाकशामुळे पडला ते एकेक कलम मांडून दाखवणारा तक्ता म्हणजे जुळवणी पत्रक.

गृहपाठाचे उदाहरण असे होते. ३१ मार्च २०२५ रोजी रोख पुस्तकानुसार बँकेची नावे शिल्लक ४२,६०० रुपये. मार्चमध्ये एकूण १२,९०० रुपयांचे तीन धनादेश दिले, त्यांपैकी ५,५०० रुपयांचा एकच धनादेश त्या महिन्यात वटवण्यासाठी सादर झाला. ९,३०० रुपयांचे धनादेश बँकेत भरले, पण ते ३१ मार्चपर्यंत वसूल झाले नाहीत. बँकेने ३५० रुपये आकार लावला आणि ८२० रुपये व्याज दिले, या दोन्हींची नोंद रोख पुस्तकात नाही. एका ग्राहकाकडून मिळालेला व बँकेत भरलेला ४,००० रुपयांचा धनादेश अनादरित होऊन परत आला, त्याचीही नोंद रोख पुस्तकात नाही. पासबुकाप्रमाणे शिल्लक काढा.

उत्तर काढण्याची रीत सरळ आहे. न सादर झालेले ७,४०० रुपये रोख पुस्तकातून वजा झालेले आहेत, पण बँकेला त्यांची अजून गंधवार्ता नाही. बँकेची शिल्लक तेवढ्याने जास्त असणार, म्हणून मिळवायचे. वसूल न झालेले ९,३०० व्यापाऱ्याने आपल्या शिलकेत धरले, बँकेने धरले नाहीत, म्हणून वजा करायचे. आकाराचे ३५० वजा, व्याजाचे ८२० मिळवायचे, अनादरित धनादेशाचे ४,००० वजा. बेरीज-वजाबाकी केली की ३७,१७० येतात.

एकसष्टांपैकी सव्वीस वह्यांत हे उत्तर होते. उरलेल्या पस्तीस वह्यांवर फुली मारून मोकळे होता आले असते, पण पहिल्या दहा-बारा वह्यांतच एक गोष्ट ध्यानात आली. चुकीची उत्तरे पस्तीस तऱ्हांची नव्हती. तीच तीच चार-पाच उत्तरे पुन्हा पुन्हा येत होती. ५५,७७० पुष्कळांचे होते, २२,३७० काहींचे, ४५,१७० आणखी काहींचे. मग आम्ही वहीच्या समासात पेन्सिलीने आलेले उत्तर आणि खरे उत्तर यांतला फरक लिहू लागलो. ५५,७७० मधून ३७,१७० वजा केले की १८,६०० उरतात. त्याचे निम्मे ९,३००. वसूल न झालेले धनादेश! पतसंस्थेतल्या जुन्या हिशेबनिसाकडून आम्ही ऐकलेली युक्ती हीच : फरकाचे निम्मे करून पाहावे. एखादे कलम गाळले गेले, तर उत्तर त्या रकमेने चुकते. ते उलट्या दिशेने घेतले, तर दुपटीने चुकते, कारण जायचे होते तिकडे गेलो नाही ही एक चूक आणि नको तिकडे गेलो ही दुसरी. ३७,१७० ऐवजी २२,३७० आले म्हणजे १४,८०० चा फरक, निम्मे ७,४००. दिलेले धनादेश मिळवायचे सोडून वजा झाले. ४५,१७० मधला फरक ८,०००, निम्मे ४,०००. अनादरित धनादेश मिळवला गेला. एका वहीत मात्र ४१,१७० होते. फरक सरळ ४,००० चा, म्हणजे ते कलम विद्यार्थ्याने वाचलेच नव्हते.

युक्तीला मर्यादाही आहेत, त्या दोन वह्यांनी दाखवल्या. एकीत ४०,९७० होते. फरक ३,८००, निम्मे १,९००, आणि उदाहरणात १,९०० चे कलमच नाही. वही नीट वाचल्यावर उलगडा झाला. दिलेले आणि भरलेले असे दोन्ही प्रकारचे धनादेश उलटे घेतले होते, आणि एका चुकीने दुसरीला बरेचसे झाकले होते. ९,३०० आणि ७,४०० यांतला फरक १,९००. दुसऱ्या वहीत ३५,२७० होते, म्हणजे खऱ्या उत्तराहून १,९०० ने कमी. इथे दिशा बरोबर, रक्कम चूक : ७,४०० ऐवजी वटलेल्या धनादेशाचे ५,५०० मिळवले होते. 'एकच धनादेश सादर झाला' या वाक्यात जी रक्कम डोळ्यांसमोर होती तीच उचलली. न सादर झालेली रक्कम वाक्यात कुठेच लिहिलेली नाही, ती वजाबाकीने काढावी लागते. तोच १,९०० चा आकडा दोन अगदी निराळ्या वाटांनी आला, तेव्हा फरक पाहून निदान करावे, पण वही वाचल्याखेरीज ते पक्के मानू नये.

दिशा उलटी का होते, हा प्रश्न आमच्या विषयाच्या अंगणात येतो. आमच्या मते निम्मा दोष भाषेच्या गुंतागुंतीचा आहे. 'जमा' हा शब्द पाहा. घरी मूल ऐकते, 'बँकेत पैसे जमा केले.' म्हणजे जमा झाले की शिल्लक वाढली. पुस्तपालनात मात्र बँकेत भरलेले पैसे रोख पुस्तकाच्या नावे बाजूला लिहितात, कारण बँक आता आपली देणेकरी झाली, तिच्या नावे रक्कम मांडायची. बँक आपल्या वहीत तीच रक्कम आपल्या खात्याला जमा करते, कारण ती तिच्यावर आपले देणे आहे. दोन्ही बरोबर आहेत. आणि 'नावे' म्हटले की वाण्याच्या दुकानातली उधारी आठवते : 'मांडून ठेवा आमच्या नावे.' त्यामुळे रोख पुस्तकाची 'नावे शिल्लक ४२,६००' हे शब्द वाचताच चार विद्यार्थ्यांनी ते कर्ज समजले आणि सगळे गणित अधिविकर्षाचे म्हणून सोडवले. खात्यात पैसे असल्याचे सांगणारा शब्द त्यांना पैसे नसल्याचा वाटला.

'वटणे' या क्रियापदाने याहून अधिक घोटाळा केला आहे. बोलीत 'चेक वटला नाही' म्हणजे तो परत आला, लाज गेली. उदाहरणातल्या दिलेल्या धनादेशांबद्दल विद्यार्थी आपल्या शब्दांत लिहितात तेव्हा तेही 'न वटलेले धनादेश' असेच लिहितात. तिथे मात्र अर्थ इतकाच, की ज्याला दिला त्याने तो अजून बँकेत नेलेला नाही. कदाचित पाकिटात असेल, कदाचित टपालात. वसूल न झालेल्या धनादेशांनाही 'न वटलेले' म्हणतात, आणि अनादरित धनादेश तर न वटलेला आहेच. तीन वेगळ्या अवस्थांना एकच विशेषण. शिवाय पाठ्यपुस्तकातल्या वाक्यांना कर्ता नसतो. 'धनादेश दिले परंतु सादर झाले नाहीत', 'धनादेश भरले परंतु वसूल झाले नाहीत.' कोणी दिले, कोणाला दिले, कोणी भरले? दोन्ही वाक्ये एकाच चालीची आणि दोन्हींचा शेवट 'नाहीत' असा. घाईत वाचणाऱ्याला ती एकच वाटली तर नवल नाही. ज्या विद्यार्थ्यांनी ४,००० रुपये मिळवले, त्यांतल्या एकाला विचारले तेव्हा तो म्हणाला, "सर, आपला चेक परत आला म्हणजे आपले पैसे वाचले ना?" त्याच्या मनात तो धनादेश आपण कोणाला तरी दिलेला होता. ग्राहकाकडून मिळालेला हा वाक्यातला तपशील त्याच्या नजरेतून निसटला होता.

आम्ही त्या पस्तीस जणांकडून एकच काम करवून घेतले. प्रत्येक कलमासमोर आधी दोन प्रश्नांची उत्तरे पूर्ण वाक्यात लिहायची : ही घटना कोणाच्या वहीत लिहिली गेली आहे, आणि त्यामुळे त्या वहीची शिल्लक वाढली की कमी झाली. अधिक-वजा चिन्ह त्यानंतर. 'आम्ही पुरवठादाराला धनादेश दिला, आमच्या वहीत लिहिला, आमची शिल्लक कमी झाली, बँकेची झाली नाही.' एवढे लिहिल्यावर चिन्ह चुकणे जवळजवळ अशक्य होते.

शिकवणी वर्गांतल्या सूत्राने मात्र आमच्या डोक्याला बराच ताप दिला. 'दिले ते मिळवा, भरले ते वजा' असे मुलांना पाठ करून घेतात. रोख पुस्तकाच्या शिलकेपासून सुरुवात केली तर ते बरोबर आहे. पासबुकाच्या शिलकेपासून रोख पुस्तकाकडे जायचे असेल, तर प्रत्येक चिन्ह उलटते, आणि हे सूत्र कोठून सुरुवात केली ते विचारतच नाही. तिघांच्या वह्यांत ४८,०३० हे उत्तर होते. फरक १०,८६०, निम्मे ५,४३०. हे कोणतेच कलम नाही, पण ४२,६०० आणि ३७,१७० या दोन शिलकांमधले अंतर नेमके तेवढेच आहे. म्हणजे पाचही कलमे उलटी. आदल्या आठवड्यात पासबुकापासूनचे उदाहरण झाले होते, त्याचीच चिन्हे तिघांनी इथे आणून बसवली होती. अधिविकर्षातही हेच होते, पण तिथे उपाय सोपा. अधिविकर्ष ही उणे शिल्लक समजावी आणि कलमांच्या दिशा बदलू नयेत. रोख पुस्तकात ६,००० चा अधिविकर्ष असेल आणि २,००० चे दिलेले धनादेश सादर व्हायचे असतील, तर उणे सहामध्ये दोन मिळवून उणे चार, पासबुकात ४,००० चा अधिविकर्ष.

आता त्या सव्वीस बरोबर उत्तरांकडे येतो. गृहपाठाचा दुसरा भाग असा होता : आधी रोख पुस्तकात आवश्यक त्या दुरुस्त्या करा, सुधारित शिल्लक काढा आणि मग पत्रक तयार करा. आकार, व्याज आणि अनादरित धनादेश या तिन्ही गोष्टी घडून गेलेल्या आहेत, फक्त व्यापाऱ्याला उशिरा कळल्या. त्या त्याने लिहायलाच हव्यात. म्हणून सुधारित शिल्लक ३९,०७०. दिलेले व भरलेले धनादेश मात्र त्याच्या वहीत बरोबरच लिहिलेले आहेत. उशीर बँकेकडे आहे, आणि त्यांची दुरुस्ती काळ करतो. ती दोनच कलमे पत्रकात राहतात : ३९,०७० अधिक ७,४०० वजा ९,३००, उत्तर पुन्हा ३७,१७०.

एका मुलीने ४,००० च्या धनादेशालाही 'भरलेला पण वसूल न झालेला' म्हटले होते. वजा तर तोही करायचा असतोच, त्यामुळे पहिल्या भागात तिचे उत्तर चोख. दुसऱ्या भागात तिने तो रोख पुस्तकात न घेता पत्रकात ठेवला. सुधारित शिल्लक ४३,०७०, तीत ७,४०० मिळवून १३,३०० वजा, उत्तर ३७,१७०. दुसऱ्या एका मुलाने उलट केले. दिलेले धनादेश वटले नाहीत म्हणून ते रद्द समजून ७,४०० रुपये रोख पुस्तकात परत घेतले. ४६,४७० मधून ९,३०० वजा, तरीही ३७,१७०. आणि एका अत्यंत सुवाच्य वहीत सगळीच्या सगळी कलमे रोख पुस्तकात घालून सुधारित शिल्लकच ३७,१७० केली होती. पत्रकाखाली लिहिले होते, 'फरक नाही, म्हणून पत्रकाची गरज नाही.'

चारही मांडण्यांत शेवटचा आकडा एकच. चिठ्ठीवरच्या उत्तराशी ताडून पाहणारा परीक्षक चौघांनाही पूर्ण गुण देईल. पण त्या मुलीच्या वहीत जे ४,००० रुपये बँकेत कधीच येणार नाहीत ते शिल्लक म्हणून ताळेबंदात जातात, आणि ज्या ग्राहकाने ते द्यायचे आहेत तो ऋणकोंच्या यादीतून निसटतो. त्या मुलाच्या वहीत ज्या पुरवठादारांना धनादेश पोचते झाले आहेत ते पुन्हा येणेकरी होतात, आणि एप्रिलमध्ये धनादेश बँकेत आला की रोख पुस्तकात त्याचा मागमूस नसतो. सुवाच्य वहीत तर पुढच्या महिन्यात दोन्ही बाजूंनी गाठी पडणार. सहकाऱ्यांना दूरध्वनी करून आम्ही पहिल्या भागाचे व दुसऱ्या भागाचे गुण वेगळे देण्याची परवानगी घेतली. 'उत्तर बरोबर, नोंद चूक' हा शेरा पाहून त्या मुलीने आमच्याशी अर्धा तास वाद घातला. तो वाद आम्हाला आवडला.

तिचा एक मुद्दा रास्त होता. 'काळ दुरुस्ती करतो म्हणता, तो किती दिवसांत?' दिलेल्या धनादेशाबाबत याला हद्द आहे. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशाप्रमाणे १ एप्रिल २०१२ पासून धनादेशाची मुदत त्यावरच्या तारखेपासून तीन महिन्यांची आहे. त्याआधी ती सहा महिने असे. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्याची तारीख असलेला धनादेश ३१ मार्चला सादर झालेला नसेल, तर त्याची वाट पाहण्यात अर्थ नाही. तो शिळा झाला, आणि तेव्हा मात्र रक्कम रोख पुस्तकात परत घेऊन पुरवठादाराचे देणे पुन्हा उभे करणे हेच योग्य. पाठ्यपुस्तकी उदाहरणांत धनादेशांच्या तारखा नसतात, म्हणून हा विचार मुलांच्या मनात येत नाही. वसुलीच्या बाजूने तर ४ ऑक्टोबर २०२५ पासून रिझर्व्ह बँकेने धनादेश दिवसभर सलग वटवण्याची पद्धत सुरू केली आहे. स्थानिक धनादेश बँकेत भरल्यावर दिवस-दोन दिवस अधांतरी राहत असे, ते अंतर आता तासांवर आले आहे. भरलेल्या धनादेशांचे कलम यापुढे पत्रकात लहान होत जाईल असे वाटते. दिलेल्या धनादेशाचे तसे होणार नाही, कारण तिथला उशीर बँकेचा नसून तो खिशात घेऊन फिरणाऱ्याचा असतो.

वह्या परत केल्या त्या दिवशी मागच्या बाकावरचा एक विद्यार्थी थांबून राहिला. त्याच्या आईच्या बचत गटाचे पासबुक तोच भरून आणतो. "मॅडम, आमच्याकडे हेच झालं होतं," तो म्हणाला. पासबुकात १८,२०० रुपये होते. गटाने खतांच्या दुकानदाराला ६,५०० रुपयांचा धनादेश दिला होता, तो दुकानदाराने लगेच बँकेत टाकला नव्हता. बायकांनी पासबुक पाहिले आणि एका सभासदाला १५,००० रुपये कर्ज काढून दिले. खात्यात राहिले ३,२००. चार दिवसांनी धनादेश बँकेत आला आणि परत गेला. बँकेने वर आकार लावला, आणि दुकानदाराने तेव्हापासून गटाला उधार देणे बंद केले. खजिनदार बाईंवर पैसे खाल्ल्याचा संशयही काही दिवस होता.

आम्ही त्याला त्याच्याच वहीच्या शेवटच्या पानावर गटाचे रोख पुस्तक मांडायला सांगितले. गटाची अशी वही कधी नव्हतीच, असत ती फक्त वर्गणीची नोंद. त्याने १८,२०० लिहिले, त्यातून धनादेशाचे ६,५०० वजा करून ११,७०० काढले, आणि थबकला. पुढे कर्जाचे १५,००० वजा केल्यावर उणे ३,३०० आले. "म्हणजे कर्ज द्यायच्या दिवशीच हे दिसलं असतं," तो म्हणाला. मग त्याने स्वतःहून विचारले, की आता तो धनादेश परत आला आहे, तर ६,५०० परत वहीत घ्यायचे का? हो, कारण हा धनादेश नुसता सादर व्हायचा राहिलेला नाही, तो नाकारला गेला आहे, आणि दुकानदाराचे देणे पुन्हा उभे राहिले आहे. त्याने ६,५०० मिळवले, शिल्लक ३,२०० झाली, आणि तिच्याखाली बँकेच्या आकारासाठी एक ओळ मोकळी ठेवली. पासबुक घरी होते, रक्कम पाहून भरणार होता. जाताना म्हणाला, दुकानदाराच्या वहीत हाच चेक आपल्या गृहपाठातलं शेवटचं कलम झाला असेल.